कार्ड बंद करायला सांगितलं, पण कधी?

क्रेडिट कार्ड बंद करण्याच्या वादात पैशांचा हिशोब सोपा असतो, भांडण होतं ते तारखेवरून. रिझर्व्ह बँकेच्या 2022च्या नियमानुसार ग्राहकाने मागणी केल्यावर 7 कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद व्हायला हवं. उशीर झाला तर दर दिवसाला 500 रुपये बँकेने ग्राहकाला द्यायचे असतात. अट एकच, खात्यावर काही बाकी नको.

एक उदाहरण धरू. 3 जून 2024 ला तुम्ही फोन करून कार्ड बंद करायला सांगितलं. मुदत 12 जूनला संपली. 25 तारखेच्या बिलात वार्षिक शुल्क 500 आणि जीएसटी 90, असे 590 रुपये लागले. कार्ड बंद झालं 27 जूनला, म्हणजे 15 दिवस उशिरा. तुमचे 7,500 रुपये होतात. पण बँक म्हणते, ‘मागणी 24 जूनला आली, शिवाय 590 बाकी होते.’

असं होण्याचं एक नेहमीचं कारण आहे. कार्ड बंद करायचं म्हटलं की पलीकडची व्यक्ती शुल्क माफ करण्याची तयारी दाखवते, आणि कधी कधी तो फोन ‘शुल्कमाफीची विनंती’ म्हणूनच नोंदला जातो. तुमच्याकडे नंबर असतो, पण तो भलत्याच कामाचा. म्हणून रेफरन्स नंबर घेताना विचारावंच, ‘ही नोंद नेमकी कशाची झाली?’ उत्तर, बोलणाऱ्याचं नाव आणि वेळ फोन ठेवताच लिहून काढावी. फोनमधल्या जुन्या कॉलच्या नोंदी कालांतराने पुसल्या जातात, त्यामुळे त्या पानाचाही स्क्रीनशॉट हवा.

दुसरा स्क्रीनशॉट त्याच दिवशी ॲपमधल्या शून्य बाकीचा. तो राहिला तर नंतर लागलेलं शुल्कच ‘बाकी’ म्हणून तुमच्यावर उलटतं, आणि कार्ड बंद झाल्यावर ॲपमध्ये ते पान बहुधा दिसतच नाही. फोनच्या वरच्या पट्टीत बहुतेक वेळा फक्त वेळ दिसते, तारीख नाही. चित्र कापू नये, आणि मूळ फाइल फोनमध्ये तशीच ठेवावी. व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून पाठवलेल्या प्रतीत ती केव्हा काढली ही माहिती टिकत नाही.

तरीही नुसता स्क्रीनशॉट एकतर्फीच. माझ्या मते सगळ्यात भक्कम पुरावा म्हणजे त्याच संध्याकाळी बँकेच्या तक्रार पत्त्यावर धाडलेला ईमेल: ‘आज अमुक वाजता फोनवर कार्ड बंद करण्याची मागणी केली, नंबर अमुक, बाकी शून्य.’ सोबत दोन्ही स्क्रीनशॉट. ही तारीख दोन्हीकडे उमटते, आणि बँकेला ती नाकारणं अवघड जातं.

पैसे नाकारले तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करावी. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर cms.rbi.org.in वर लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. तिथे बँकेकडे केलेल्या तक्रारीची तारीख आणि प्रत लागते, आणि 25 तारखेच्या बिलाची पीडीएफही.