एका पावतीऐवजी पाच

निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ मिळतं. मग काही आठवड्यांत पीएफ आणि ग्रॅच्युइटीची रक्कम खात्यावर येते. आयुष्यात एवढा मोठा आकडा पासबुकात पहिल्यांदाच दिसतो, आणि बहुतेक जण त्याच आठवड्यात जवळच्या बँकेत जाऊन सगळ्याची एकच पाच वर्षांची एफडी करून टाकतात. पैसे सुरक्षित, व्याज ठरलेलं, मग चूक कुठे?

चूक तारखेत आहे. २०१५च्या सुमारास मोठ्या बँका ज्येष्ठांना पाच वर्षांच्या ठेवीवर साडेआठ टक्क्यांच्या आसपास व्याज देत होत्या. तेव्हा वीस लाखांची एकच पावती केलेल्याला महिन्याला चौदा हजारांवर व्याज मिळत होतं. पावतीची मुदत संपली २०२०मध्ये. त्या मे महिन्यात रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ टक्क्यांवर आला होता, आणि ज्येष्ठांसाठीचे दरही सहा-सव्वासहापर्यंत घसरले होते. तेच वीस लाख पुन्हा ठेवले तर महिन्याला सुमारे दहा हजार. किराणा आणि औषधं महागली आणि घरात येणारा पैसा एका दिवसात जवळजवळ चार हजारांनी घटला. वर तो कमी दर पुढची पाच वर्षं पक्का झाला. दोनच वर्षांनी दर पुन्हा चढू लागले तेव्हा या माणसाकडे नव्या दराने ठेवायला काहीच मोकळं नव्हतं.

यावरचा उपाय म्हणजे ठेवींची शिडी. ती कशी बांधायची, हे उदाहरणाने पाहू. समजा, चिंचवडच्या एका कारखान्यातून गृहस्थ साठाव्या वर्षी निवृत्त झाले. पत्नी सत्तावन्न वर्षांची. घर स्वतःचं, कर्ज नाही. हातात पन्नास लाख.

पाया सरकारी योजनांचा हवा. पोस्टात आणि बँकांत मिळणारी ज्येष्ठ नागरिक बचत योजना एप्रिल २०२३पासून वर्षाला ८.२ टक्के देत आली आहे. एका व्यक्तीला तीस लाखांपर्यंत ठेवता येतात. सरकार दर तीन महिन्यांनी दर तपासतं, पण तुमच्या खात्याला उघडल्या दिवशीचा दर पाचही वर्षं लागू राहतो. आपल्या गृहस्थांनी यात पंचवीस लाख ठेवले, पत्नीला संयुक्त खातेदार केलं. वर्षाचं व्याज २ लाख ५ हजार, म्हणजे तिमाहीला ५१,२५०.

तिमाहीला, महिन्याला नव्हे. इथे बरेच जण पहिल्या दोन महिन्यांतच अडखळतात. व्याज एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारीच्या सुरुवातीला जमा होतं. मेच्या मध्यात पैसे ठेवले तर जुलैत जेमतेम दीड महिन्याचं व्याज येतं. पूर्ण तिमाहीचं व्याज पाहायला ऑक्टोबर उजाडतो. म्हणून पहिल्या चार-पाच महिन्यांचा घरखर्च बाजूला हवाच. पुढे हे व्याज वेगळ्या बचत खात्यात जमा होऊ द्यावं आणि तिथून दर १ तारखेला सतरा हजार घरखर्चाच्या खात्यावर आपोआप जातील अशी सूचना बँकेला द्यावी.

दुसरा आधार पोस्टाच्या मासिक प्राप्ती योजनेचा. तिथे व्याज खरोखरच दरमहा मिळतं. एकट्याच्या खात्यात नऊ लाख, संयुक्त खात्यात पंधरा लाख ही मर्यादा. ७.४ टक्के दराने संयुक्त खात्यात ठेवलेल्या बारा लाखांवर महिन्याला ७,४०० रुपये येतात. दोन्ही मिळून साडेचोवीस हजारांच्या आसपास झाले. कामगार पेन्शन असेल तर ती वेगळी.

उरलेल्या तेरा लाखांपैकी तीन लाख दवाखान्यासारख्या अडीअडचणीसाठी बचत खात्यात आणि छोट्या मुदतीच्या एफडीत ठेवले. शिडी उभी राहते ती शेवटच्या दहा लाखांवर. दोन-दोन लाखांच्या पाच पावत्या करायच्या: एक वर्षाची, दोन वर्षांची, अशी पाच वर्षांपर्यंत. पहिली पावती पिकली की तिचे पैसे नव्याने पाच वर्षांसाठी ठेवायचे. पुढच्या वर्षी दुसरीचं तेच. चार वर्षांनी तुमच्याकडच्या पाचही पावत्या पाच-पाच वर्षांच्या असतात, आणि तरी दर वर्षी एक हातात येते. दर पडले तर फटका फक्त पाचव्या हिश्शाला बसतो. दर वाढले तर त्या वर्षी एक पावती तरी वाढत्या दराचा लाभ घेते. अचानक गरज पडली, तर दंड सोसून मोडावी लागते ती एकच पावती, सगळी रक्कम नव्हे.

या शिडीचं व्याज दरमहा घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. ठेव संचयी प्रकारची करावी. साडेसहा टक्के दर धरला तर दोन लाखांचे वर्षाअखेर सुमारे २ लाख १३ हजार होतात. पाया ठरलेलं व्याज देतो, पण महागाईबरोबर वाढत नाही. सातव्या-आठव्या वर्षी साडेचोवीस हजार अपुरे पडू लागतील, तेव्हा ही फुगलेली शिडीच कामाला येईल. आधीपासून तिचं व्याज खाल्लं तर तेव्हा काही उरत नाही.

शिडी मोडते ती बहुधा दुर्लक्षाने. बँक विचारते, ‘ऑटो रिन्यूअल करू का?’ आपण मान डोलावतो, आणि एक वर्षाची पावती पुन्हा एक वर्षाचीच होते. उलट, काहीच सांगितलं नाही आणि पिकलेली रक्कम तशीच पडून राहिली, तर तिच्यावर बचत खात्याचा दर किंवा ठेवीचा मूळ दर, यांपैकी जो कमी तोच मिळतो. दोन-तीन महिन्यांची ढिलाई वर्षाच्या व्याजाचा चांगला लचका तोडते. म्हणून प्रत्येक पावतीची तारीख वहीत लिहावी आणि त्या आठवड्यात स्वतः बँकेत जावं.

एकाच बँकेत सगळ्या पावत्या ठेवू नयेत. ठेव विम्याचं संरक्षण एका बँकेत एका व्यक्तीला मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाखांपर्यंतच आहे, मग शाखा कितीही असोत. सप्टेंबर २०१९मध्ये मुंबईतल्या पीएमसी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा सुरुवातीला ठेवीदारांना फक्त हजार रुपये काढता येत होते. विम्याची मर्यादाही त्या वेळी एकच लाख होती. आपल्या गृहस्थांनी पाच पावत्या तीन बँकांत विभागल्या. कुठेही व्याजासह पाच लाखांच्या वर रक्कम नाही. गावोगावच्या पतसंस्थांतल्या ठेवींना हा विमा मुळीच नाही. ओळखीचा संचालक आणि दीड टक्का जास्त व्याज यांच्या भरवशावर निवृत्तीची पुंजी तिथे नेऊ नका.

ज्येष्ठ नागरिक योजनेतले पैसे मध्येच काढायचे झाले, तर पहिल्या वर्षात मिळालेलं सगळं व्याज परत जातं. दुसऱ्या वर्षात मुद्दलातून दीड टक्का कापला जातो, त्यानंतर एक टक्का. पंचवीस लाखांवर एक टक्का म्हणजे पंचवीस हजार. हाताशी ठेवलेले ते तीन लाख हाच खर्च वाचवण्यासाठी आहेत.

घरात पावत्या असतील तर या रविवारी त्या टेबलावर मांडा. प्रत्येकीची बँक, रक्कम, दर, पिकण्याची तारीख आणि नामनिर्देशन एका कागदावर लिहा, आणि तो कागद पत्नीला किंवा पतीला वाचून दाखवा. दोन तारखा एकाच महिन्यात येत असतील, तर त्यांतली एक पिकेल तेव्हा वेगळ्या मुदतीला ठेवा.