पत्ता शेवटाकडून वाचा

माहुलच्या एका कुरिअर पावतीवर असा पत्ता असू शकतो: ‘बि. नं. १२, खोली ४०५, एमएमआरडीए कॉलनी, वाशी नाका, माहुल रोड, चेंबूर, मुं-७४’. तो रकान्यांत भरताना सुरुवात शेवटून करावी. मुंबईकर अजून पिनचे शेवटचे दोनच आकडे लिहितात. ‘मुं-७४’ म्हणजे शहर मुंबई, पिन ४०००७४. मग ‘चेंबूर, वाशी नाका’ हा परिसर, आणि इमारत, खोली, कॉलनी, माहुल रोड हे सगळे रस्त्याच्या रकान्यात.

खरा घोळ ‘वाशी’त होतो. घाईत ‘नाका’ सुटला आणि वाशी शहराच्या रकान्यात गेले, की माहुलचे पार्सल खाडीपलीकडे नवी मुंबईला निघते. तिथल्या वाशीचा पिन ४००७०३ आहे, म्हणून पिन आणि परिसर एकमेकांशी ताडून पाहावेत.

हाताने काढलेल्या ४ चा १ वाचला, तर ४०००७१ होतो. तोही चेंबूरचाच खरा पिन, त्यामुळे संगणक तो बिनतक्रार स्वीकारतो. अशा वेळी ‘माहुल रोड’ हे शब्दच चूक दाखवतात. शंका राहिलीच, तर पावतीवरच्या मोबाइल नंबरवर विचारून घ्यावे.