सात खोकी आणि तीन वजने

दोन अज्ञात राशी काढायच्या तर दोन समीकरणे लागतात, हे शाळेत शिकलेले सर्वांच्या लक्षात असते. समीकरणे त्याहून कमी असली की उत्तर एक न राहता असंख्य होतात आणि गणिताचे पुस्तक तिथेच थांबते. व्यवहारात मात्र अशी अपुरी समीकरणे पुष्कळदा समोर येतात. त्यांच्या असंख्य उत्तरांतून एकच निवडायचे तर बाहेरची एखादी माहिती हवी, आणि ती बहुधा एवढीच असते की बहुतेक राशी शून्य आहेत, थोड्याच शून्याहून वेगळ्या आहेत. अशा उत्तराला विरळ उकल म्हणतात. ती शोधण्याचा सर्वांत उपयोगी मार्ग म्हणजे राशींच्या केवल मूल्यांची बेरीज कमीत कमी करणे. केवल मूल्य म्हणजे चिन्ह सोडून उरलेली संख्या. उणे 5 चे केवल मूल्य 5.

एक छोटे उदाहरण घेऊ. बेअरिंगच्या छर्ऱ्यांची सात खोकी आहेत, प्रत्येकावर 1 ते 7 पैकी एक आकडा आहे. छर्रा ठरल्याप्रमाणे 10 ग्रॅमचा हवा. एखाद्या खोक्यातला माल बिघडला असेल, तर त्यातला प्रत्येक छर्रा सारख्याच फरकाने जड किंवा हलका आहे. फरक किती हे ठाऊक नाही, जड की हलका तेही नाही. काट्यावर फक्त तीनदा वजन करायचे आहे. पहिल्या वजनात 4, 5, 6, 7 या खोक्यांतून एकेक छर्रा घेतला, दुसऱ्यात 2, 3, 6, 7 मधून, तिसऱ्यात 1, 3, 5, 7 मधून. दर वेळी चार छर्रे, म्हणजे 40 ग्रॅम भरायला हवेत. पहिले वजन 20 मिलिग्रॅम जास्त भरले, दुसरे अगदी बरोबर, तिसरे पुन्हा 20 मिलिग्रॅम जास्त.

सात खोक्यांचे सात फरक अज्ञात आणि समीकरणे तीन. पहिल्या व तिसऱ्या वजनात असलेले आणि दुसऱ्यात नसलेले खोके एकच आहे, पाचवे. त्याचा छर्रा 20 मिलिग्रॅमने जड मानला की तिन्ही वजने जुळतात. माणसाला हे चटकन दिसते. प्रश्न आहे तो हिशेबाच्या एखाद्या ठरीव रीतीला दिसेल का, हा.

सर्वांत जुनी रीत वर्गांची: जुळणाऱ्या उत्तरांपैकी ज्याच्या राशींच्या वर्गांची बेरीज सर्वांत लहान, ते निवडायचे. हिशेब सोपा, सूत्र तयार. पण या उदाहरणात ती रीत सांगते की पहिले, चौथे आणि सातवे खोके प्रत्येकी 5 मिलिग्रॅमने जड, पाचवे 10 ने जड आणि दुसरे 5 ने हलके. तिन्ही वजने जुळतात, ताडून पाहता येईल. मात्र एका खोक्याची चूक पाच खोक्यांच्या माथी बसली. कारण वर्गाच्या स्वभावातच आहे. 10 चा वर्ग 100, पण तेच 10 पाच-पाच असे दोघांत वाटले तर वर्गांची बेरीज 50 च होते. वाटून टाकण्याला बक्षीस मिळते, म्हणून ही रीत नेहमी वाटूनच टाकते.

दुसरे टोक म्हणजे सरळ मोजणे: कमीत कमी किती खोक्यांना दोष देऊन वजने जुळतात? हवे ते नेमके हेच, पण त्यासाठी खोक्यांचे गट करून एकेक तपासावे लागतात. सात खोक्यांचे जमेल. शंभर राशींपैकी दहा शून्याहून वेगळ्या असतील तर दहा-दहांचे सुमारे 17 लाख कोटी गट पडतात. सेकंदाला दहा लाख गट तपासणारे यंत्रही 200 दिवस चालत राहील.

केवल मूल्यांची बेरीज या दोहोंच्या मधोमध बसते. 10 एकट्याकडे ठेवले काय किंवा पाच-पाच वाटले काय, बेरीज 10 च. वाटण्याला बक्षीस नाही. उलट वजने जुळवताना एका खोक्याचा जास्तीचा फरक दुसऱ्याच्या उणे फरकाने खोडावा लागला, तर त्या दोन्हींची किंमत मोजावी लागते. वर्गांच्या उत्तराची अशी बेरीज 30 येते, एकट्या पाचव्या खोक्याची 20.

अडचण एवढीच की केवल मूल्याचा आलेख शून्यापाशी मोडतो. तिथे टोक आहे, त्यामुळे कलनाची नेहमीची सूत्रे चालत नाहीत. त्यावरचा तोडगा हिशेबाच्या वहीतला वाटावा इतका साधा आहे: जमा आणि नावे वेगळे लिहायचे. प्रत्येक फरकाचे दोन भाग करायचे, एक ‘जड’चा आणि एक ‘हलके’चा. दोन्ही शून्य किंवा अधिक. खरा फरक म्हणजे पहिल्यातून दुसरा वजा, आणि कमी करायची ती दोन्ही भागांची बेरीज. एकाच खोक्याचे दोन्ही भाग शून्याहून मोठे राहिले तर? दोहोंतून सारखी संख्या काढून घेतली की फरक तोच राहतो आणि बेरीज उतरते; म्हणजे सर्वांत लहान बेरजेत दोहोंपैकी एक भाग आपोआप शून्य होतो. आता सगळेच सरळ रेषेतले झाले: चौदा राशी, कुठलीही उणे नाही, तीन समीकरणे आणि एक साधी बेरीज. हेच लिनियर प्रोग्रॅमिंग. पायथनमध्ये एवढे पुरते:

```python
import numpy as np
from scipy.optimize import linprog
A = np.array([[0,0,0,1,1,1,1],
              [0,1,1,0,0,1,1],
              [1,0,1,0,1,0,1]])
b = np.array([20, 0, 20])
r = linprog(np.ones(14),
            A_eq=np.hstack([A, -A]), b_eq=b)
x = r.x[:7] - r.x[7:]
```

`x` मध्ये पाचव्या जागी 20 आणि बाकी सगळीकडे शून्य येते. `linprog` राशी शून्याहून कमी होऊ देत नाही, म्हणून ती अट वेगळी लिहिलेली नाही.

या रूपाचा एक फायदा फुकट मिळतो. लिनियर प्रोग्रॅममध्ये सर्वांत लहान बेरीज शक्य उत्तरांच्या एखाद्या कोपऱ्यावर नक्की सापडते, आणि कोपऱ्यावर समीकरणांच्या संख्येहून जास्त राशी शून्याबाहेर नसतात. समीकरणे तीन, म्हणून फार तर तीन खोकी दोषी. हा विरळपणा रीतीच्या घडणीतूनच येतो. तीच सर्वांत विरळ उकल आहे का, हा प्रश्न मात्र वेगळा.

त्याचे अर्धे उत्तर एका लहान दाखल्याने देता येते. तिन्ही वजनांना एकेक भाव लावू: पहिल्याला अर्धा, दुसऱ्याला उणे 0.3, तिसऱ्याला अर्धा. प्रत्येक खोके ज्या वजनांत आहे त्यांच्या भावांची बेरीज करायची. पाचव्याची 1 येते, सातव्याची 0.7, पहिल्या आणि चौथ्याची अर्धा, उरलेल्यांची त्याहून लहान. कुणाचीही 1 च्या पलीकडे गेली नाही, म्हणून काट्यावरचे फरक या भावांनी गुणून जी बेरीज येते, म्हणजे 10 अधिक 0 अधिक 10, तिच्या खाली कुठलेच उत्तर उतरू शकत नाही. 1 पर्यंत पोचलेले खोके एकटे पाचवे, म्हणून दुसरे उत्तर 20 ची बरोबरीही करू शकत नाही. लिनियर प्रोग्रॅमची प्रत्येक रीत उत्तरासोबत असे भाव देते. तपासणाऱ्याने ते जरूर पाहावेत. दोन-तीन बेरजांत खात्री होते.

ही युक्ती आधी वापरात आली ती भूगर्भशास्त्रात. जॉन क्लेअरबाउट आणि फ्रान्सिस म्युअर यांनी 1973 साली भूकंपीय नोंदींसाठी वर्गांऐवजी केवल मूल्ये घ्यावीत, असा आग्रह धरला. जमिनीखालचे थर मोजकेच, म्हणून परतणारे ध्वनीही मोजकेच; विरळपणा तिथे निसर्गतःच आहे. मोठ्या आकाराला मात्र 1947 ची डँट्झिग यांची सिम्प्लेक्स रीत जड जाऊ लागली. 1984 मध्ये बेल लॅब्समधले नरेंद्र करमरकर, आयआयटी मुंबईचे माजी विद्यार्थी, यांनी कोपऱ्याकोपऱ्याने न जाता आतून वाट काढणारी रीत दिली आणि त्या कुळातल्या रीतींनी पुढचे काम सोपे केले. चेन, डोनोहो आणि साँडर्स यांनी 1998 च्या लेखात 8,192 समीकरणे आणि 2,12,992 राशींचा प्रोग्रॅम अशाच रीतीने सोडवला. त्यातल्या मूळ राशी 1,06,496. जमा-नावे वेगळे केल्यामुळे दुप्पट झाल्या.

आता रीत फसते कुठे ते. पहिल्या आणि चौथ्या खोक्यातून एकाऐवजी तीन-तीन छर्रे काट्यावर ठेवले आणि काट्याने तोच 20, 0, 20 चा फरक दाखवला, असे समजू. आता पहिले आणि चौथे प्रत्येकी 6.67 मिलिग्रॅमने जड मानले तरी वजने जुळतात आणि बेरीज 13.33 येते, 20 पेक्षा कमी. प्रोग्रॅम बिनदिक्कत त्या दोघांना पकडतो आणि एकटे पाचवे सुटते. दोष मापाचा आहे: ज्या राशीचा काट्यावर परिणाम मोठा, ती बेरजेत स्वस्त पडते. म्हणून राशी आधी एका मापात आणाव्या लागतात, किंवा बेरजेत पहिल्या-चौथ्याच्या फरकांना तीनने गुणावे लागते. तसे केले की त्यांची बेरीज 40 होते आणि पाचवे पुन्हा सापडते.

दुसरी चूक रीतीची नाहीच. पहिले आणि दुसरे अशी दोन्ही खोकी 20 मिलिग्रॅमने जड असतील तर काटा 0, 20, 20 दाखवील आणि एकटे तिसरे खोके 20 ने जड असले तरी नेमके हेच दाखवील. प्रोग्रॅम तिसऱ्याचे नाव घेईल, आणि माणूसही घेईल. तीन वजनांत एक चूक नक्की सापडते, दोनांची हमी नाही. वजने वाढवायला हवीत. किती, याचा अंदाज 2006 च्या सुमारास कँडेस, रोम्बर्ग, टाओ आणि डोनोहो यांच्या कामातून मिळाला: मापे यादृच्छिक मिसळीची असतील तर त्यांची संख्या एकूण राशींच्या प्रमाणात वाढत नाही. ती साधारण शून्याबाहेरच्या राशींच्या प्रमाणात वाढते, आणि एकूण राशींचा वाटा फक्त लॉगरिदमपुरता येतो.

तिसरी गोष्ट काट्याच्या थरथरीची. काट्याने 21, उणे 1, 20 असे दाखवले तर वजने तंतोतंत जुळवण्याच्या हट्टापायी निरपराध खोकी अडकतात. पाचवे 20, चौथे 1 आणि दुसरे उणे 1, ही एक उकल. पाचवे 21 आणि तिसरे उणे 1, ही दुसरी. दोहोंची बेरीज 22. प्रोग्रॅम यांतली कोणतीही देऊ शकतो. एकेक मिलिग्रॅमचे किरकोळ आकडे दिसू लागले की थरथर आत शिरली असे ओळखावे. मग समीकरणाऐवजी ‘एका मिलिग्रॅमच्या आत जुळावे’ अशी अट घालतात. ती दोन असमानतांनी लिहिता येते, म्हणून लिनियर प्रोग्रॅम तसाच राहतो. पण बेरीज लहान करणारी रीत ही सवलत पुरेपूर वापरते. काट्याने अचूक 20, 0, 20 दाखवले तरी ती बेरीज 19 वर आणून ठेवते. म्हणून कामाची पद्धत अशी पडली आहे की या रीतीने फक्त दोषी खोके कोणते ते ठरवायचे, आणि त्याचा फरक किती हे नंतर त्या एकाच खोक्यावर, जुन्या वर्गांच्या रीतीने, पुन्हा काढायचे.