करासह रकमेतून मूळ किंमत काढताना

दीपावलीनंतर माझ्या भाच्याच्या तयार कपड्यांच्या दुकानात सहज गेलो होतो. दुकानाचा हिशेब त्याची पत्नी पाहते. ऑक्टोबर २०२५ च्या विक्रीचा तक्ता तिने संगणकावर उघडला होता. प्रत्येक वस्तूची एक ओळ, अशा चारशे बारा ओळी. प्रत्येक ओळीत ग्राहकाने दिलेली रक्कम करासह लिहिलेली होती, कारण आपल्या दुकानांतील भाव करासहच सांगितले जातात. विवरणपत्रासाठी मात्र करपूर्व मूल्य आणि कर वेगवेगळे हवे होते. ती म्हणाली, “मामा, विक्री पूर्वीसारखीच आहे, पण कर जास्त भरावा लागतो आहे असे वाटते. एकदा पाहता का?”

तिने योजलेली रीत अशी होती : एकूण रकमेवर पाच किंवा अठरा टक्के काढायचे, ते वजा करायचे आणि उरेल ती मूळ किंमत मानायची. ही रीत इतकी सहज सुचते की बँकेत असताना पुष्कळ अनुभवी व्यापाऱ्यांच्या कागदांतही मला ती दिसली आहे. तिच्यातील चूक एका उदाहरणाने स्पष्ट होते. मूळ किंमत १,००० रुपये आणि कर १८ टक्के असेल तर ग्राहक १,१८० देतो. त्या १,१८० चे १८ टक्के होतात २१२ रुपये ४० पैसे. प्रत्यक्षात ग्राहकाकडून घेतलेला कर आहे १८०. कर मूळ किमतीवर बसतो, करासह रकमेवर नव्हे. म्हणून येथे वजाबाकी नव्हे, भागाकार हवा. एकूण रक्कम ११८ भागांची आहे, त्यांतील १०० भाग मूल्य व १८ भाग कर. केंद्रीय जीएसटी नियमावलीतील नियम ३५ हेच सांगतो : करासह रकमेला कराच्या दराने गुणावे आणि शंभर अधिक दर यांनी भागावे.

या चुकीची एक ओळखण्याजोगी खूण आहे. चुकीच्या रीतीने येणारा कर खऱ्या करापेक्षा नेमका दराइतक्या टक्क्यांनीच जास्त असतो. पाच टक्क्यांच्या मालावर पाच टक्के अधिक, अठराच्या मालावर अठरा टक्के अधिक. भाच्याच्या दुकानातील आकडे सोयीसाठी पूर्ण करून सांगतो. पाच टक्क्यांच्या मालाची करासह विक्री ८,४०,००० होती. खरा कर ४०,०००, तक्त्यात ४२,०००. अठरा टक्क्यांच्या मालाची विक्री २,३६,०००; खरा कर ३६,०००, तक्त्यात ४२,४८०. म्हणजे एका महिन्यात ८,४८० रुपये ग्राहकाकडून न घेताच स्वतःच्या नफ्यातून भरले जाणार होते, आणि वहीत विक्रीही तितकीच कमी दिसणार होती.

तक्ता आम्ही नव्याने मांडला. D स्तंभात दर, E मध्ये करासह रक्कम, F मध्ये केंद्राचा कर, G मध्ये राज्याचा कर आणि H मध्ये करपूर्व मूल्य. दुसऱ्या ओळीतील सूत्रे क्रमाने अशी :

```
F2: =ROUND(E2*D2/(100+D2)/2,2)
G2: =F2
H2: =ROUND(E2-F2-G2,2)
```

आधी मूल्य न काढता अर्धा कर का काढला, असे तिने विचारले. ९९९ रुपयांचा सदरा घ्या, दर पाच टक्के. सरळ भागाकाराने मूल्य ९५१.४३ आणि कर ४७.५७ येतो, पण हा कर केंद्र व राज्य यांत समान वाटता येत नाही, एक पैसा उरतो. याउलट अर्धा कर आधी काढला की तो २३.७९ येतो, दोन्हीकडे तोच, आणि मूल्य ९५१.४२ राहते. तिन्हींची बेरीज बरोबर ९९९. मूल्यात एका पैशाचा फरक पडतो खरा, पण ओळ स्वतःशी जुळते आणि चारशे ओळींची बेरीजही गल्ल्याशी जुळते. `ROUND` लावले नाही तर पडद्यावर दोनच दशांश दिसतात, पण आत पुढचे अंक दडून राहतात आणि शेवटी बेरीज काही पैशांनी का चुकते ते शोधत बसावे लागते.

पडताळणीसाठी I स्तंभात `=ROUND(H2*(1+D2/100)-E2,2)` लिहिले. उत्तर शून्याच्या एक-दोन पैसे इकडेतिकडे असावे. आमच्या सर्व ओळी या कसोटीला उतरल्या, तरी कराची बेरीज कमीच येत होती. कारण शोधायला अर्धा तास गेला. काही ओळींत दर `5` असा होता, तर काहींत `5%` असा. संगणक `5%` म्हणजे ०.०५ समजतो, मग ९९९ रुपयांवर कर पन्नास पैसेही भरत नाही. गंमत अशी, की पडताळणीचे सूत्रही तोच चुकीचा दर वापरते, त्यामुळे तेही निमूटपणे “बरोबर” म्हणते. म्हणून दरांची मोजणी वेगळी करावी लागते :

```
=COUNTIF(D2:D413,5)+COUNTIF(D2:D413,18)
```

उत्तर ४१२ यायला हवे होते, आले ३७८. उरलेल्या चौतीस ओळी सुधारल्या आणि बेरीज जुळली.

यानंतर खरा पेच पुढे आला, आणि तो सूत्राचा नव्हताच. २२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्यांना प्रति नग २,५०० रुपयांपर्यंत पाच टक्के आणि त्यापुढे अठरा टक्के कर आहे. ही मर्यादा करपूर्व मूल्यावर आहे. म्हणून एका ओळीत दोन नग असतील तर आधी रकमेला नगसंख्येने भागून मगच दर ठरवावा. २,५०० वर पाच टक्के मिळवले की २,६२५ होतात, अठरा मिळवले की २,९५०. आता २,७९९ रुपयांचा एक कुडता घ्या. पाच टक्के धरले तर मूल्य २,६६५.७१ येते, म्हणजे मर्यादेबाहेर. तेव्हा अठरा लावायला हवेत. अठरा धरले तर मूल्य २,३७२.०३ येते, म्हणजे मर्यादेच्या आत. तेव्हा पाच लावायला हवेत! २,६२५ हून अधिक आणि २,९५० पर्यंतच्या कोणत्याही करासह भावाची हीच गत होते. उलट गणिताने तेथे मेळ खाणारे उत्तर निघतच नाही. पूर्वी मर्यादा १,००० आणि वरचा दर बारा टक्के होता, तेव्हा हीच दरी १,०५० ते १,१२० यांच्यामध्ये होती, आणि १,०९९ च्या चिठ्ठ्या तर सर्रास दिसत.

आमच्या तक्त्यात अशा सात ओळी निघाल्या. त्या वेगळ्या रंगाने खुणावून, मूळ बिलांसह आम्ही सनदी लेखापालांकडे पाठवल्या. बिलावर प्रत्यक्ष कोणता दर छापला गेला होता हे पाहूनच त्यांचा निर्णय व्हावयाचा होता. सवलत बिलातच दिली असेल तर सवलतीनंतरची किंमत धरावी, हेही त्या वेळी तिला सांगितले. एकाच बिलात दोन दरांचा माल असेल, तर बिलाच्या एकूण रकमेतून काहीच उलगडत नाही. तेथे प्रत्येक वस्तूची ओळ स्वतंत्र हवी. तिच्याकडे ती होती, हे नशीब.

दुसऱ्या दिवशी भाच्याने दुकानातील २,६९९ आणि २,७९९ च्या चिठ्ठ्या उतरवल्या. काही कुडत्यांवर २,५९९ लागले, तर भरजरी काम असलेल्यांवर २,९९९.