काटकोनी लोलक आणि दुर्बिणीतील चौकोनी ठिपका

जोडदुर्बीण हातभर अंतरावर धरून तिचे वस्तुभिंग उजळ आकाशाकडे करावे आणि नेत्रभिंगाकडे दुरून पाहावे. नेत्रभिंगात प्रकाशाचा एक लहानसा ठिपका तरंगताना दिसतो. काही दुर्बिणींत हा ठिपका काठापर्यंत सारखा उजळ व पूर्ण वाटोळा असतो. काहींत मात्र त्याच्या चारही बाजूंना करड्या छायेच्या कडा दिसतात, व मधला उजळ भाग चौकोनी भासतो. भिंगे दोन्हींत वाटोळीच असतात. मग हा चौकोन कोठून आला? याचे उत्तर दुर्बिणीच्या आत बसविलेल्या काचेच्या काटकोनी लोलकांत सापडते.

प्रकाशकिरण काचेतून हवेत शिरू लागला, म्हणजे तो पृष्ठभागावरील लंबापासून दूर वळतो. काचेतील कोन जसजसा वाढवावा, तसतसा हवेतील कोन त्याहून अधिक वेगाने वाढतो. अखेर एक अवस्था अशी येते की, बाहेर पडणारा किरण पृष्ठभागाला अगदी घासून जातो. म्हणजे हवेतील कोन ९०° होतो. त्या वेळच्या काचेतील कोनास क्रांतिक कोन असे म्हणतात. कोन याहूनही वाढविला, तर किरणास बाहेर पडण्यास मार्गच उरत नाही. तो सर्वच्या सर्व काचेत परत फिरतो. हेच पूर्ण आंतरिक परावर्तन होय. योहानेस केप्लर याने १६११ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रकाशविषयक ग्रंथात या घटनेचे वर्णन केले होते.

क्रांतिक कोन काढण्याची रीत सोपी आहे. काचेचा वक्रीभवनांक व काचेतील कोनाची ज्या यांचा गुणाकार हवेतील कोनाच्या ज्येइतका असतो. ९०° ची ज्या १ असते. म्हणून,

क्रांतिक कोनाची ज्या = १ ÷ वक्रीभवनांक

साध्या क्राऊन काचेचा वक्रीभवनांक १·५१७ धरू. १ ला १·५१७ ने भागले असता ०·६५९२ येतात, आणि ही ज्या ४१° १४′ या कोनाची आहे. म्हणजे या काचेचा क्रांतिक कोन ४५° पेक्षा थोडासाच कमी आहे. काटकोनी लोलकाची सारी उपयुक्तता या थोडक्या फरकावर उभी आहे.

या लोलकाचा छेद ९०°, ४५° व ४५° कोनांचा त्रिकोण असतो. प्रकाश त्याच्या कर्णाच्या पृष्ठावर सरळ, लंबाच्या दिशेने पडला, तर तो न वळता आत शिरतो आणि एका लहान पृष्ठावर ४५° चा कोन करून आदळतो. ४५° हा क्रांतिक कोनाहून मोठा असल्यामुळे तेथे पूर्ण परावर्तन होते. किरण काटकोनात वळून दुसऱ्या लहान पृष्ठावर जातो, तेथेही ४५° नेच आदळतो, पुन्हा वळतो, आणि ज्या दिशेने आला होता त्याच दिशेकडे कर्णातून परत बाहेर पडतो. चांदीच्या आरशावर प्रत्येक परावर्तनात प्रकाशाचा काही अंश शोषला जातो. पूर्ण परावर्तनात तसा अंश मुळीच गमावला जात नाही. आरशाचा मुलामा काळवंडतो, ही अडचणही येथे उद्भवत नाही.

इटलीच्या इग्नात्सिओ पोरो याने असे दोन लोलक एकमेकांशी काटकोनात ठेवून दुर्बिणीतील उलटी प्रतिमा सुलटी करण्याची योजना केली व १८५४ साली तिचे एकस्व मिळविले. एक लोलक प्रतिमेची उभी बाजू उलटवितो, तर दुसरा आडवी. प्रकाशाचा मार्ग दुमडला गेल्यामुळे दुर्बीणही आखूड होते.

परंतु वरील विवेचनात किरण कर्णावर अगदी सरळ पडतो असे गृहीत धरले आहे. दुर्बिणीत तसे घडत नाही. वस्तुभिंगातून निघालेले किरण शंकूच्या आकारात जवळ येत असतात, आणि लोलक त्यांच्या मार्गात असतो. ७×५० या प्रकारची दुर्बीण उदाहरणादाखल घेऊ. तिच्या वस्तुभिंगाचा व्यास ५० मिलिमीटर असून नाभ्यंतर २०० मिलिमीटर आहे असे समजू. भिंगाच्या काठाकडून येणारा किरण मध्यरेषेकडे २०० मिलिमीटरांत २५ मिलिमीटर सरकतो. म्हणजे तो मध्यरेषेशी सुमारे ७° चा कोन करतो.

आता हा तिरपेपणा किती असेपर्यंत लोलक तो सहन करील, हे पाहू. आत शिरल्यावर किरण लंबापासून जितका कललेला असेल, तितक्याने एका लहान पृष्ठावरील कोन ४५° हून कमी होतो व दुसऱ्यावरील तितक्याच प्रमाणात वाढतो. कमी झालेला कोन ४१° १४′ च्या खाली जाता कामा नये. म्हणून काचेच्या आत कल फार तर ४५° − ४१° १४′ = ३° ४६′ इतका चालेल. या कोनाची ज्या ०·०६५७ आहे. तिला १·५१७ ने गुणिले असता ०·०९९७ येतात, म्हणजे हवेतील कोन ५° ४३′ झाला. काठाच्या किरणाचा कोन मात्र ७° आहे. तेव्हा काठाकडील किरणांचे पूर्ण परावर्तन होणार नाही. त्यांचा काही प्रकाश काचेबाहेर निसटेल.

हेच गणित बेरियम क्राऊन काचेसाठी करून पाहावे. तिचा वक्रीभवनांक १·५६९ आहे. त्यावरून क्रांतिक कोन ३९° ३६′ येतो, आणि आतील कल ५° २४′ पर्यंत चालतो. त्याची ज्या ०·०९४१. तिला १·५६९ ने गुणिले असता ०·१४७६, म्हणजे हवेतील कोन ८° २९′. ही मर्यादा ७° हून मोठी आहे. म्हणून या काचेच्या लोलकात काठाचे किरणही पूर्णपणे परावर्तित होतात. वक्रीभवनांकातील ०·०५२ इतक्या लहानशा फरकाने हे साधते.

आता चौकोनाचा उलगडा होतो. शंकूच्या एका काठाचे किरण पहिल्या लहान पृष्ठावर कमी कोनाने पडतात, तर समोरच्या काठाचे दुसऱ्या पृष्ठावर. म्हणून एका लोलकामुळे ठिपक्याच्या समोरासमोरील दोन कडा मंद होतात. दुसरा लोलक पहिल्याशी काटकोनात असल्यामुळे तो उरलेल्या दोन कडा मंद करतो. कडा काळ्या न दिसता करड्या दिसतात, कारण निसटणारा किरण सर्वच्या सर्व निसटत नाही; वरील उदाहरणात अगदी काठाच्या किरणाचाही सुमारे एक-तृतीयांश प्रकाश परावर्तित होतच असतो.

हे सारे गणित लोलकाच्या बाहेर हवा आहे, या अटीवरच खरे आहे. लहान पृष्ठावर पाण्याचा थर साचला, तर १·३३३ ला १·५१७ ने भागावे लागते. क्रांतिक कोन सुमारे ६१° ३०′ होतो, आणि ४५° ने येणारा मधला किरणही बाहेर निसटतो. सुटा काटकोनी लोलक हाती असल्यास हे सहज पडताळता येते. कर्णातून आत पाहिले असता लहान पृष्ठे चांदीसारखी चमकतात. त्यांपैकी एकावर ओलसर बोट दाबले की तेथील चमक नाहीशी होते व बोटाच्या रेषा स्पष्ट उमटतात. रेषांमधील खाचांत हवा असल्यामुळे तेवढी जागा चमकतच राहते. लोलकाच्या परावर्तक पृष्ठांना बोट लावू नये व त्यांवर दमट हवा साचू देऊ नये, असे दुर्बिणी दुरुस्त करणारे बजावतात, त्याचे कारण हेच होय.