पडद्यावरचे अक्षर आणि फडके रस्त्यावरचा फलक

डोंबिवलीच्या श्री गणेश मंदिर संस्थानाच्या पुढाकाराने १९९९ साली गुढीपाडव्याला जी नववर्ष स्वागतयात्रा प्रथम निघाली, तिचे अनुकरण पुढे ठाण्यात, कल्याणात आणि अन्यत्रही झाले. अशा यात्रांच्या दिवसांत डोंबिवलीच्या फडके रस्त्यावर आणि चौकाचौकांत जे फ्लेक्सचे फलक लागतात, त्यांतील मजकूर कितीही शुद्ध असला तरी अक्षरांच्या कडा पुष्कळदा धुरकट दिसतात, आणि त्याचे खापर रिवाजाप्रमाणे छपाईयंत्रावर फुटते. वस्तुतः यंत्राचा अपराध क्वचितच असतो; दोष त्याच्या हाती आलेल्या फाइलमध्येच असतो.

समजा, चौदा इंची लॅपटॉपवर १९२० गुणिले १०८० बिंदूंच्या चित्राच्या रूपात एक फलक रचला आणि तो सोळा फूट रुंद व नऊ फूट उंच छापावयाचा ठरला. सोळा फूट म्हणजे १९२ इंच. तेव्हा प्रत्येक इंचाच्या वाट्याला अवघे दहा बिंदू येतात, आणि पडद्यावर मिलिमीटरच्या सहाव्या हिश्शाएवढा असलेला बिंदू फलकावर अडीच मिलिमीटरचा चौकोन होऊन बसतो. अक्षराची तिरकी कड गुळगुळीत भासावी म्हणून संगणकाने काळ्या आणि पांढऱ्या बिंदूंच्या सीमेवर जे करडे बिंदू पेरलेले असतात, तेही त्याच प्रमाणात फुगतात, आणि पडद्यावर डोळ्याला सुखविणारी ती युक्ती फलकावर उघडी पडते. शिरोरेषा आडवी, बिंदूंच्या ओळीला समांतर असल्यामुळे बरीचशी निभावून जाते; खरी दैना होते ती वेलांटीच्या कमानीची आणि ‘र’च्या तिरक्या पायाची.

यावर दुकानात एक तोडगा हमखास सुचविला जातो, तो म्हणजे इंचामागचे बिंदू दहावरून बहात्तर करण्याचा. तसे केल्यास एका बिंदूच्या जागी सुमारे बावन्न बिंदू येतात खरे, पण या नवागतांचे रंग संगणक शेजाऱ्यांच्या रंगांची सरासरी काढूनच ठरवितो. मूळ चित्रात नसलेली माहिती तो आणणार तरी कोठून? जेथे करड्याचा एक चौकोन होता तेथे करड्या छटांचा एक पट्टा पसरतो, पायऱ्या लोपतात आणि त्यांच्या जागी धुके येते.

खरा उपाय अक्षरे बिंदूंत न साठविता वक्ररेषांत साठविण्याचा आहे. ठिपक्यांची रांगोळी मोठ्या अंगणात घालताना गृहिणी ठिपका मोठा करीत नाही. रेघ कोठून निघून कशी वळते हे तिला ठाऊक असते, आणि ती नव्या अंतरावर रेघच पुन्हा ओढते. रेनॉ मोटार कारखान्यातील पिएर बेझिए यांच्या नावाने ओळखले जाणारे वक्र याच तत्त्वावर चालतात: दोन टोके आणि वळण ठरविणारे दोन बिंदू, एवढ्याच माहितीवरून संगणक कोणत्याही आकारात कड नव्याने आखतो. कोरलड्रॉमध्ये टंकलिखित मजकूर निवडून `Ctrl+Q` दाबले की अक्षरांचे असे वक्र होतात, आणि दुकानातील संगणकात तो फाँट नसल्यास जोडाक्षरे फुटण्याचे किंवा वेलांटी भलत्या जागी सरकण्याचे भयही उरत नाही.

छायाचित्राचे मात्र वक्र होत नाहीत. तेथे अंतर साहाय्यास येते. निकोप डोळ्याला एका कलेहून, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाहून, लहान तपशील सहसा वेगळा ओळखता येत नाही. त्या हिशेबाने अडीच मिलिमीटरचे चौकोन सुमारे नऊ मीटरपलीकडून एकमेकांत मिसळतात. म्हणून इमारतीच्या माथ्यावरील फलकातला चेहरा दहा बिंदूंतही खपून जातो, पण स्टेशनच्या स्कायवॉकवर हाताच्या अंतरावर टांगलेल्या फलकात तोच चेहरा चौकड्यांचा दिसतो. अक्षरांना ही सवलत पूर्णतः मिळत नाही, कारण रेषेतील खंड टिपण्यात आपला डोळा विलक्षण तीक्ष्ण असतो आणि पायऱ्या त्याला पुष्कळ दुरून खुपतात.

फाइल पीडीएफ आहे एवढ्यावर विसंबू नये. आत चिकटवलेले चित्र असेल तर बाहेरचे वेष्टन काय करणार! फाइल ६४०० टक्क्यांपर्यंत मोठी करून पाहावी. कड तशीच रेखीव राहिली तर वक्र शाबूत आहेत, चौकोन किंवा धुके दिसले तर नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो म्हणून धाडलेल्या चित्राची हानी दुहेरी असते: बिंदू घटतात, आणि आठ गुणिले आठच्या तुकड्यांत होणाऱ्या जेपेग संक्षेपामुळे अक्षरांभोवती मळकट वलये उमटतात, म्हणून फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवावी. मंडळाचे बोधचिन्ह केवळ अशा चित्रातच उपलब्ध असेल, तर संगणकाकडून आपोआप गिरवून घेण्यापेक्षा ते हाताने पुन्हा रेखाटलेले बरे, कारण यांत्रिक गिरवणीत कोपरे गोल होतात आणि अनुस्वार बटाट्यासारखा वेडावाकडा होतो. वक्र झालेल्या मजकुरात मागाहून एक काना घालावयाचा म्हटले तरी तो टंकून घालता येत नाही, यास्तव शुद्धलेखन आधी तपासावे आणि टंकलिखित मूळ प्रत निराळी राखावी.