बिर्लानगरचा पगार

ग्वाल्हेरच्या बिर्लानगरात १९२१ च्या सुमारास जियाजीराव कॉटन मिल उभी राहिली. तत्कालीन महाराज माधवराव शिंदे यांनी बिर्लांना पाचारण केले होते. पुढे १९४७ साली ग्वाल्हेर रेयॉनची तेथे भर पडली. या गिरण्यांनी किती कापड विणले हा वेगळा विषय. आपल्याला पाहावयाचे आहे ते हे, की गिरणीचा पगार कामगाराच्या हातून पुढे कोठे गेला.

कल्पना करू या, की कामगाराच्या हाती १०० रुपये आले. त्यातले काही त्याने गावी धाडले, काही गाठीस ठेवले, उरलेले घेऊन तो हजिऱ्याच्या बाजारात गेला. तेथे त्याने वाण्याकडून पीठ व साबण घेतला, गवळ्याचे दूध घेतले आणि शिंप्याकडून मुलाचा सदरा शिवून घेतला. साबण बाहेरून आलेला, म्हणून त्याची बहुतेक किंमत बाहेरच गेली. वाण्याचे राहिले ते केवळ नफ्याचे चार पैसे. शिंप्याची मजुरी मात्र जवळजवळ सबंध शहरातच राहिली. अशा रीतीने त्या १०० पैकी समजा ४० रुपये ग्वाल्हेरच्याच लोकांची मिळकत झाले. शिंपी व गवळी तोच क्रम पुढे चालवितात: ४० चे १६ होतात, १६ चे ६ रुपये ४० पैसे, आणि याप्रमाणे उतरत उतरत बेरीज १६६ रुपये ६७ पैशांपाशी थांबते. बाहेर गळून जाणारा भाग दर शंभरी ६० असेल, तर १०० ला ०.६० ने भागावे, की हाच आकडा मिळतो. गळती ४० वर आली, तर बेरीज २५० होईल. यालाच अर्थशास्त्रात ‘गुणक’ म्हणतात. केंब्रिजच्या रिचर्ड कान यांनी १९३१ साली तो मांडला आणि १९३६ मध्ये केन्स यांनी त्यास आपल्या ग्रंथात मानाचे स्थान दिले.

वाचकहो, हा भाकरी वाढविण्याचा चमत्कार नव्हे. एकच नोट दहा हातांतून फिरली म्हणजे दसपट मिळकत झाली, असे पुष्कळांना वाटते. ते चूक आहे. वाण्याची ६० रुपयांची विक्री ही त्याची मिळकत नव्हे. घाऊक व्यापाऱ्याचे देणे भागवून जे उरते, तेवढेच त्याचे. विक्रीचे आकडे एकावर एक रचीत गेल्यास कोणतेही शहर कागदावर श्रीमंत होते! शिवाय, दुकानदाराच्या हातास आधीच पुरेपूर काम असेल, तर नवा पैसा नवे काम निर्माण करीत नाही. तो केवळ भाव चढवितो.

हीच बेरीज उलटही चालते. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात जियाजीराव मिल बंद पडली आणि कामगारांची देणी वर्षानुवर्षे रखडली. आमच्या वरील हिशेबाने, गेलेल्या प्रत्येक १०० रुपयांमागे शहराचे १६६ गेले. म्हणजे गिरणीचे तोंडही न पाहिलेल्या माणसांचे ६६. पण असे नुकसान एकदम दिसत नाही. प्रथम शिल्लक संपते, मग दागिना गहाण पडतो, मग वाण्याकडे उधारी वाढते. काही काळ विक्री पूर्वीइतकीच दिसते, कारण घरे मिळकतीवर नव्हे, उधारीवर चाललेली असतात. म्हणून अशा वेळी विक्रीचा आकडा पाहू नये, उधारीची वही पाहावी. वाण्याने हात आखडला, की मागोमाग शिंपी, शिकवणीचे मास्तर आणि घरभाड्यावर जगणारी विधवा यांच्यापर्यंत झळ पोहोचते.

याच तराजूत आपली प्रसिद्ध जत्रा तोलून पाहावी. माधवराव महाराजांनी १९०५ साली सुरू केलेला व्यापार मेळा आजही हिवाळ्यात भरतो. अलीकडे अनेक वर्षी तेथे मोटारींच्या करात सवलत मिळाल्याने विक्रीचे कोटींचे आकडे वर्तमानपत्रांत झळकले. आकडा खोटा नसेलही. परंतु मोटार ग्वाल्हेरात तयार होत नाही. तिच्या किमतीचा फार मोठा भाग कारखान्याच्या गावी जातो. शहरात राहते ती विक्रेत्याची अडत आणि नोकरांचा पगार. घेणारा ग्वाल्हेरचाच असेल, तर पुढे तो जी मोटार लष्करातल्या दुकानातून घेणार होता, तीच त्याने दोन महिने आधी घेतलेली असते. उलट भिंड किंवा मुरैन्याहून आलेले कुटुंब मेळ्यात कचोरी खाते, टांग्याला किंवा रिक्षाला भाडे देते आणि रात्री धर्मशाळेत उतरते. तो पैसा बाहेरून आलेला असतो आणि त्यातला बराच ग्वाल्हेरच्याच माणसांच्या हाती पडतो. मेळ्याचा हिशेब मांडणाऱ्यांनी ही दोन खाती निराळी ठेवली असती, तर बरे झाले असते. कचोरीवाल्याचे खाते मात्र कोणी लिहीत नाही.